चार जनरेटर आणि एक लपलेले समीकरण: फ्री ग्रुपवरील होमोमॉर्फिझम ठरवताना झालेल्या एका चुकीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचे हे प्रकरण आहे. प्रकल्पाचा मार्गदर्शक मीच होतो, त्यामुळे पुढे ज्या चुकीची चर्चा आहे तिच्यातला माझा वाटाही मी लपवणार नाही. विद्यार्थिनीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गणित मात्र जसे घडले तसेच ठेवले आहे. ग्रुप, होमोमॉर्फिझम, जनरेटर, बेसिस हे शब्द आमच्या वर्गात जसे बोलले जातात तसेच वापरले आहेत.

प्रकल्पाचा विषय होता दोन अक्षरांवरच्या फ्री ग्रुपचे, म्हणजे F(a, b) चे, सबग्रुप. या ग्रुपचे घटक म्हणजे a, b, a⁻¹, b⁻¹ या अक्षरांनी बनलेले शब्द. अक्षर आणि त्याचा व्यस्त शेजारी आले की ती जोडी पुसली जाते, आणि याखेरीज दुसरे कोणतेही पुसणे चालत नाही. अशा ग्रुपचा सार्वत्रिक गुणधर्म वर्गात सर्वांनी पाठ केलेला असतो: कोणताही ग्रुप G घ्या, a आणि b यांच्यासाठी G मधले कोणतेही दोन घटक निवडा, तर a आणि b यांना त्या घटकांकडे नेणारा F(a, b) पासून G पर्यंतचा होमोमॉर्फिझम असतो, आणि असा एकच असतो. वाक्य एकच असले तरी त्यात दोन वेगळी विधाने आहेत. होमोमॉर्फिझम असतो हे पहिले आणि एकच असतो हे दुसरे. संपूर्ण प्रकरण या दोन विधानांची गल्लत झाल्यामुळे उभे राहिले.

प्रकल्पाच्या तिसऱ्या प्रकरणात तिने सम लांबीच्या सर्व शब्दांचा सबग्रुप H घेतला होता. a आणि b दोघांनाही Z/2 मधल्या 1 कडे पाठवले की मिळणाऱ्या होमोमॉर्फिझमचा कर्नल म्हणजेच H, म्हणून त्याचा इंडेक्स 2. तिला H पासून तीन वस्तूंच्या अदलाबदलींच्या ग्रुपवर, म्हणजे S₃ वर, असा होमोमॉर्फिझम हवा होता की जो S₃ चा प्रत्येक घटक गाठेल आणि ज्यात a² ऑर्डर 2 असलेल्या घटकाकडे जाईल. अशा होमोमॉर्फिझमचा कर्नल H मध्ये इंडेक्स 6 चा आणि F(a, b) मध्ये इंडेक्स 12 चा येतो, आणि पुढच्या प्रकरणात तिला नेमका तोच सबग्रुप अभ्यासायचा होता.

अडचण कशी उभी राहिली

H चे जनरेटर तिने अगदी स्वाभाविकपणे निवडले. सम लांबीचा शब्द दोन-दोन अक्षरांच्या तुकड्यांत कापता येतो, म्हणून दोन अक्षरांचे शब्द पुरेत, असा तिचा विचार होता आणि तो बरोबरच होता. तिने

```
p = a²,  q = ab,  r = ba,  s = b²
```

असे चार घटक घेतले. व्यस्त अक्षरे असलेले तुकडेही यांतूनच मिळतात हे तिने नीट दाखवले होते: उदाहरणार्थ, ab⁻¹ म्हणजे a²·(ba)⁻¹, आणि a⁻¹b म्हणजे a⁻²·ab. म्हणजे हे चार घटक H ला खरोखर जनरेट करतात. त्यानंतर मसुद्यात पुढील वाक्य होते: “p, q, r, s हे H चे जनरेटर असल्यामुळे φ(p) = (12), φ(q) = (123), φ(r) = e, φ(s) = e असे ठेवल्याने होमोमॉर्फिझम φ निश्चित होतो.” मी तो मसुदा वाचला होता, त्या वाक्यासमोर बरोबरची खूणही केली होती.

ba आणि b² या दोघांना अविकारकाकडे, म्हणजे e कडे, पाठवण्यामागे तिचा हेतू होता. कर्नलमध्ये काही सोपे शब्द सहज दिसावेत, म्हणजे पुढचे आकडेमोडीचे काम हलके होईल, असे तिला वाटले होते.

तिने पडताळणी केली नव्हती असेही नाही. लांबी 2, 4 आणि 6 असलेले, व्यस्त अक्षरे नसलेले सर्व शब्द तिने वहीत मांडले होते. ते 4 + 16 + 64, म्हणजे एकूण ८४ होतात. प्रत्येक शब्दाचे तुकडे पाडून तिने त्याची प्रतिमा काढली, मग अनेक जोड्या घेऊन गुणाकाराची प्रतिमा आणि प्रतिमांचा गुणाकार सारखे येतात का हे पाहिले. एकदाही विसंगती आली नाही. दोन पाने भरून केलेले ते टेबल पाहून माझाही विश्वास बसला, हे कबूल करायला हवे.

चूक बाहेर आली ती विभागातल्या अंतर्गत सेमिनारमध्ये. एका सहाध्यायाने सहज विचारले की ba⁻¹ हा शब्दही सम लांबीचा आहे, तर तो कुठे जातो. विद्यार्थिनीने फळ्यावर ba⁻¹ = ba·a⁻², म्हणजे rp⁻¹, असे लिहिले आणि उत्तर काढले: e·(12), म्हणजे (12). तेवढ्यात विचारणाऱ्याने आपल्या वहीत तोच शब्द वेगळ्या रीतीने लिहिला होता: b²·(ab)⁻¹, कारण b²·b⁻¹a⁻¹ मध्ये एक जोडी पुसली की ba⁻¹ च उरते. म्हणजे sq⁻¹, आणि त्याची प्रतिमा e·(132), म्हणजे (132). एकाच शब्दाच्या दोन प्रतिमा निघाल्या, आणि त्यातली एक ऑर्डर 2 ची तर दुसरी ऑर्डर 3 ची. “सर, मग टेबल कसं बरोबर आलं?” असे तिने विचारले, आणि त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते.

टेबलाने फसवले ते का

उत्तर मला घरी गेल्यावर मिळाले, आणि हा भाग मला या प्रकरणातला सर्वांत बोधक वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

व्यस्त अक्षरे नसलेला सम लांबीचा शब्द, समजा baab, तुकड्यांत कापण्याची रीत एकच आहे: पहिली दोन अक्षरे, मग पुढची दोन. baab म्हणजे ba आणि ab, दुसरा पर्यायच नाही. म्हणून केवळ अशा शब्दांपुरते पाहिले तर p, q, r, s यांच्यात कोणतेही बंधन नसते; चौघांना हवे तिकडे पाठवले तरी विसंगती येत नाही. परिभाषेत सांगायचे तर हे शब्द चार अक्षरांवरचा फ्री मोनॉइड बनवतात. टेबलात ८४ ऐवजी ८४ हजार असे शब्द घेतले असते तरी प्रत्येक ओळ बरोबरच आली असती. विसंगती राहते ती फक्त अशा ठिकाणी जिथे व्यस्त अक्षरे येतात आणि पुसणे सुरू होते, आणि टेबलात नेमके तेच वगळले गेले होते.

पुसण्यातून काय निघते ते ba⁻¹ च्या दोन रूपांतूनच दिसते. rp⁻¹ आणि sq⁻¹ हे H मध्ये एकच घटक आहेत, म्हणून

```
s = r p⁻¹ q
```

पडताळून पाहा: ba·a⁻²·ab = ba⁻¹·ab = b². हे समीकरण H मध्ये आपोआप खरे असल्यामुळे कोणत्याही होमोमॉर्फिझमला ते पाळावेच लागते. तिच्या निवडीत डावी बाजू e होती आणि उजवी बाजू e·(12)·(123), म्हणजे (23). (गुणाकारात उजवीकडची अदलाबदल आधी, हा संकेत मी इथे सर्वत्र पाळला आहे, उलट संकेत घेतला तर (13) येते, पण अविकारक काही येत नाही.) त्याहूनही स्पष्ट सांगायचे तर हेच समीकरण p = qs⁻¹r असे फिरवता येते; म्हणून r आणि s दोघांनाही e कडे पाठवले की p आणि q यांच्या प्रतिमा सारख्या होणे भाग पडते. (12) आणि (123) सारख्या नाहीत, म्हणून तिला हवे असलेले चौघांचे जुळणे मुळात अशक्यच होते.

आता मसुद्यातल्या वाक्याकडे परत जाऊ. जनरेटर असणे एवढ्यानेच होमोमॉर्फिझम “निश्चित होतो” हे एका अर्थाने खरेच आहे: जनरेटरांवरच्या प्रतिमा सारख्या असलेले दोन होमोमॉर्फिझम सर्वत्र सारखेच असतात. हे झाले “एकच” असण्याचे विधान, आणि त्याला घटक जनरेटर असणे पुरते. परंतु असा होमोमॉर्फिझम मुळात “असतो” हे म्हणायला जनरेटर असणे पुरत नाही. त्यासाठी ते घटक बेसिस हवेत, म्हणजे ग्रुप त्यांच्यावर फ्री हवा. F(a, b) साठी a आणि b दोन्ही अटी एकदम पुऱ्या करतात, म्हणून वर्गात दोन विधाने एकाच श्वासात उच्चारली जातात आणि त्यांतला फरक बुजतो. “निश्चित होतो” हे मराठी क्रियापदही त्या दोन अर्थांवर सारखेच बसते, ही गोष्ट त्यात आणखी भर घालते.

विचारात घेतलेले पर्याय

सेमिनारनंतरच्या शनिवारी आम्ही दोघे बसलो. तिला आधी सर्वांत कमी बदल करायचा होता: चार जनरेटर तसेच ठेवायचे आणि प्रतिमा अशा निवडायच्या की s = rp⁻¹q हे समीकरण S₃ मध्येही पाळले जाईल. हा मार्ग चुकीचा नाही. जनरेटर आणि समीकरणांनी ग्रुप मांडला असेल तर सर्व समीकरणे पाळणाऱ्या प्रतिमांपासून होमोमॉर्फिझम मिळतो, ही १८८२ मध्ये वाल्टर फॉन डीक यांनी सुरू केलेल्या मांडणीतलीच गोष्ट आहे. पण इथे “सर्व” या शब्दाला वजन आहे. हे एक समीकरण आम्हाला योगायोगाने सापडले होते. दुसरे एखादे लपलेले नाही हे सिद्ध केल्याशिवाय आम्ही पुन्हा त्याच खड्ड्यात पडलो असतो, फक्त एक पाऊल पुढे जाऊन.

दुसरा पर्याय मी सुचवला आणि तो लगेच बाद झाला. a आणि b यांच्यावर सार्वत्रिक गुणधर्म निःशंक लागू आहे, तेव्हा F(a, b) पासूनच S₃ कडे होमोमॉर्फिझम घ्यावा आणि तो H पुरता मर्यादित करावा, असे मला वाटले. परंतु मग a² ची प्रतिमा कोणत्या तरी घटकाचा वर्ग असायला हवी, आणि (12) हा कोणत्याही अदलाबदलीचा वर्ग नसतो. वर्ग नेहमी सम असतो आणि (12) विषम आहे. S₃ ऐवजी मोठा Sₙ घेतला तरीही ही अडचण तशीच राहते. म्हणजे तिला हवा असलेला होमोमॉर्फिझम F(a, b) वर पसरवता येणाऱ्यांपैकी नव्हताच. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, कारण H चा स्वतःचा फ्रीपणा वापरल्याशिवाय गत्यंतर नाही हे तिच्यामुळे कळले.

तिसरा पर्याय म्हणजे चारांपैकी एक जनरेटर सोडणे. सापडलेल्या समीकरणात p, q, r, s प्रत्येकी एकदाच येतात, म्हणून यांपैकी कोणताही एक उरलेल्या तिघांतून काढता येतो. कोणता सोडायचा हा निव्वळ सोयीचा प्रश्न होता. a² ला ठरावीक जागी पाठवायचे असल्याने p ठेवणे आवश्यक होते. q ही S₃ भरून काढण्यासाठी हवी होती. उरला r किंवा s. r सोडून s ला e कडे पाठवले असते तर ba ची प्रतिमा q⁻¹p वरून (132)(12), म्हणजे (23), अशी आपोआप आली असती. तिने s सोडला, r ला e कडे ठेवले, आणि b² ची प्रतिमा (23) स्वीकारली. दोन सोपे शब्द कर्नलमध्ये हवेत हा हट्ट मात्र सोडावा लागला.

पण p, q, r हे तिघे खरोखर बेसिस आहेत हे कशावरून? इथे एक तयार उत्तर होते. याकोब नील्सन यांनी १९२१ मध्ये फ्री ग्रुपच्या सांत जनरेटर असलेल्या सबग्रुपांसाठी आणि ऑटो श्रायर यांनी १९२७ मध्ये सर्व सबग्रुपांसाठी दाखवले की फ्री ग्रुपचा सबग्रुप फ्रीच असतो. आणि रँक k च्या फ्री ग्रुपमध्ये इंडेक्स n असलेल्या सबग्रुपची रँक 1 + n(k − 1) येते. इथे 1 + 2(2 − 1), म्हणजे 3. रँक 3 च्या फ्री ग्रुपला जनरेट करणारे कोणतेही तीन घटक बेसिस असतात, हे दुसरे प्रमेय जोडले की काम संपते. फक्त अडचण अशी होती की श्रायरचे प्रमेय तिच्या प्रकल्पात पुढच्या प्रकरणात सिद्ध होणार होते, आणि हे उदाहरण त्याची प्रस्तावना म्हणून ठेवलेले होते. प्रस्तावनेतच निष्कर्ष वापरायचा म्हणजे वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आम्ही स्वतंत्र पुरावा शोधायचे ठरवले.

केलेली कृती

पुरावा सापडण्याला विद्यार्थिनीची रोजची ये-जा कारणीभूत झाली. ती भुसावळहून रोज रेल्वेने जळगावला येत असे. मी H समजावताना दोन ठिपके काढले होते, एक सम लांबीसाठी आणि एक विषम लांबीसाठी. a असो की b, प्रत्येक अक्षर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेते. तिने त्या ठिपक्यांना जळगाव आणि भुसावळ अशी नावे दिली. जळगावहून निघालेला शब्द सम लांबीचा असेल तर जळगावलाच परततो, म्हणजे H मधले शब्द हे जळगाव ते जळगाव असे फेरे आहेत. मग प्रत्येक प्रवासावर एक शिक्का मारावा, आणि फेरा पूर्ण झाला की शिक्क्यांचा गुणाकार p, q, r मध्ये वाचता यावा, असे का करू नये?

शिक्के कोणते हवेत ते मागच्या बाजूने ठरवले. a या गाडीने भुसावळला जाताना कोरा शिक्का, म्हणजे 1. a नेच परतताना p, कारण aa चा गुणाकार p यायला हवा. a ने जाऊन b ने परतलो तर ab, म्हणजे q. म्हणून b ने परतण्याचा शिक्का q. b ने जाऊन a ने परतलो तर ba, म्हणजे r. परतीचा शिक्का p आधीच ठरला आहे, म्हणून b ने जाण्याचा शिक्का rp⁻¹. व्यस्त अक्षर म्हणजे तोच प्रवास उलट दिशेने, आणि शिक्काही व्यस्त. याच हिशेबाने ba⁻¹ वाचला तर b ने जाताना rp⁻¹ आणि a च्या जाण्याच्या वाटेवरून उलटे परतताना 1, एकूण rp⁻¹. सेमिनारमध्ये ज्या शब्दाच्या दोन प्रतिमा निघाल्या होत्या त्याची आता एकच प्रतिमा येते, कारण शब्द कसा कापायचा हा प्रश्नच उरत नाही. तो अक्षर-अक्षर वाचायचा असतो.

चित्र पटणारे असले तरी तो पुरावा नाही. त्याला पुरावा करण्यासाठी शिक्के मॅट्रिक्समध्ये भरले. x, y, z या तीन नव्या अक्षरांवरचा फ्री ग्रुप L घेतला, आणि 2×2 चे असे मॅट्रिक्स विचारात घेतले की ज्यांच्या प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात L मधला एकच घटक असतो आणि बाकी जागी शून्य असते. असे मॅट्रिक्स गुणताना कुठेही बेरीज करावी लागत नाही, गुणाकार पुन्हा तशाच प्रकारचा येतो, आणि व्यस्तही असतो. म्हणजे त्यांचा एक ग्रुप होतो. आता a आणि b यांना असे पाठवले:

```
a ↦ [ 0   1 ]      b ↦ [ 0   z x⁻¹ ]
    [ x   0 ]          [ y   0     ]
```

या ठिकाणी सार्वत्रिक गुणधर्म वापरला, आणि या वेळी तो हक्काने वापरला: a आणि b हे F(a, b) चे बेसिस आहेत हे व्याख्येतच आहे, म्हणून त्यांना कोणत्याही दोन मॅट्रिक्सकडे पाठवता येते आणि काहीही तपासावे लागत नाही. सम लांबीच्या शब्दांचे मॅट्रिक्स कर्णावरचे येतात:

```
a² ↦ [ x  0 ]    ab ↦ [ y  0     ]    ba ↦ [ z  0 ]
     [ 0  x ]         [ 0  x z x⁻¹ ]       [ 0  y ]
```

कर्णावरच्या मॅट्रिक्सांचा गुणाकार करताना डाव्या वरच्या कोपऱ्यातले घटक आपापसांत गुणले जातात, म्हणून फक्त तो कोपरा वाचणे हा H पासून L पर्यंतचा होमोमॉर्फिझम आहे. त्याला θ म्हणू. तो p, q, r यांना अनुक्रमे x, y, z कडे नेतो. उलट दिशेने x, y, z यांना p, q, r कडे नेणारा L पासून H पर्यंतचा होमोमॉर्फिझमही आहे, कारण L फ्री आहे. आधी L पासून H कडे आणि मग θ ने परत L कडे आलो तर x, y, z जागच्या जागी राहतात, म्हणून संपूर्ण L जागच्या जागी राहतो. याचा अर्थ L मधला अविकारक नसलेला कोणताही शब्द H मध्ये अविकारक होत नाही. p, q, r हे H ला जनरेट करतात हे आधीच माहीत होते. म्हणून H हा p, q, r यांच्यावर फ्री आहे, आणि आता φ(p) = (12), φ(q) = (123), φ(r) = e असे लिहिणे बिनधोक आहे.

हे लिहून झाल्यावर विद्यार्थिनीच्याच लक्षात आले की एवढा वळसाही लागत नाही. x, y, z च्या जागी थेट (12), (123), e हे S₃ मधले घटक भरले तरी मॅट्रिक्सांचा ग्रुप बनतोच, आणि a व b त्यात कुठेही जाऊ शकतात:

```
a ↦ [ 0     1 ]      b ↦ [ 0      (12) ]
    [ (12)  0 ]          [ (123)  0    ]
```

H मधल्या शब्दाच्या मॅट्रिक्सचा डावा वरचा कोपरा म्हणजेच φ. b² चा कोपरा (12)(123), म्हणजे (23), हे अपेक्षेप्रमाणे आले. म्हणजे H फ्री आहे हे माहीत नसतानाही हवा तो होमोमॉर्फिझम मिळाला. मी बाद केलेला दुसरा पर्याय इथे वेगळ्या रूपात परत आला: F(a, b) पासूनचा होमोमॉर्फिझम S₃ मध्ये पुरत नव्हता, तो 6·6·2, म्हणजे 72 घटकांच्या मॅट्रिक्स ग्रुपमध्ये पुरला. तिथे a² ची प्रतिमा कर्णावर दोनदा (12) असलेले मॅट्रिक्स आहे, आणि तसे मॅट्रिक्स वर्ग असू शकते.

निष्पत्ती

प्रकल्पात दोन्ही पुरावे ठेवले गेले, मॅट्रिक्सचा छोटा पुरावा मुख्य मजकुरात आणि x, y, z चा त्यानंतर, कारण बेसिस हाती आल्याने पुढच्या प्रकरणात प्रत्येक वेळी नवे मॅट्रिक्स लिहावे लागले नाहीत. (12) आणि (123) मिळून संपूर्ण S₃ बनतो, म्हणून φ हा S₃ चा प्रत्येक घटक गाठतो आणि कर्नलचा इंडेक्स H मध्ये 6 आहे. कर्नलची रँक श्रायरच्या सूत्राने दोन वाटांनी काढून पाहिली: H कडून 1 + 6(3 − 1) आणि F(a, b) कडून 1 + 12(2 − 1). दोन्हीकडून 13 आले. H ची रँक 4 धरली असती तर पहिल्या वाटेने 19 आले असते आणि दुसऱ्या वाटेने 13. म्हणजे मूळ मसुद्यातली चूक सेमिनारपर्यंत थांबलीच नसती, जर हा एक हिशेब आधी केला असता.

८४ शब्दांचे टेबल तिने काढून टाकले नाही. p, q, r च्या प्रतिमांनुसार ते दुरुस्त केले, आणि त्याखाली व्यस्त अक्षरे असलेल्या दोन अक्षरी शब्दांच्या चार ओळी वाढवल्या: ab⁻¹, a⁻¹b, ba⁻¹, b⁻¹a. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकी त्याच ओळींवर विचारणा केली.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयक्षण मसुद्याच्या वाचनाचा होता, आणि तो माझ्या हातून निसटला. “जनरेटर असल्यामुळे” हे शब्द दिसल्यावर मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: हे बेसिस आहेत का, आणि नसतील तर समीकरणे कोणती तपासली? तो न विचारण्याचे कारण असे की मीच वर्गात दिलेल्या टिपणात “होमोमॉर्फिझम जनरेटरांवरील प्रतिमांनी ठरतो” असे एक वाक्य होते, आणि तिचे वाक्य त्याचीच नक्कल होती.

दुसरा क्षण टेबलाचा. तपासणीसाठी शब्द निवडताना ती जिथे चुकू शकते तिथले निवडायला हवे होते, आणि फ्री ग्रुपमध्ये चूक शक्य असते ती पुसण्याच्या जागी. एकच घटक दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो अशी एक जोडी शोधायला दहा मिनिटेही लागली नसती. चारांपैकी दोन जनरेटर निवडायचे, एक व्यस्त करून दुसऱ्याला जोडायचा, आणि तोच लहान शब्द दुसऱ्या जोडीतून मिळतो का ते पाहायचे. rp⁻¹ आणि sq⁻¹ असेच समोर आले असते.

तिसरा क्षण पर्याय निवडतानाचा होता. बेसिस सिद्ध करण्याच्या नादात थेट S₃ चे मॅट्रिक्स भरण्याचा सोपा मार्ग आम्हाला शेवटी दिसला, आणि तोही तिला, मला नव्हे. a आणि b हे निःशंक फ्री आहेत, मग सुरुवात तिथूनच करावी, हे मी दुसऱ्या पर्यायात म्हटले होते. ध्येयाचा ग्रुप बदलण्याचा विचार मात्र मला सुचला नाही.

टिपणातले ते वाक्य या वर्षी मी दोन वाक्यांत मोडले आहे. पहिले वाक्य जनरेटरांविषयी आहे आणि त्यात फक्त “दोन वेगळे होमोमॉर्फिझम असू शकत नाहीत” एवढेच म्हटले आहे. दुसरे बेसिसविषयी आहे, त्यात “होमोमॉर्फिझम असतो” असे आहे, आणि त्याखाली उदाहरण म्हणून a², ab, ba, b² हे चार शब्द दिले आहेत, उत्तर न देता.